यष्टी, कब्बशी आणि करलालास

धाराशिवच्या स्टँडवर कुणालाही विचारा, तुळजापूरला जायला आता काय मिळेल. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: ‘यष्टी हाय की.’ एसटी नाही, यष्टी. शाळेत आमचे एक गुरुजी या शब्दावर पोरांना बाकावर उभं करायचे. ‘एस. टी. म्हण, एस. टी.!’ पुढं त्याच गुरुजींनी संस्कृतच्या तासाला फळ्यावर लिहिलं: रामस् + टीकते = रामष्टीकते. पुढं ट आला की मागचा स् जाऊन ष् होतो, याला ष्टुत्व म्हणतात, पाठ करा. आम्ही पाठ केलं. यष्टीतही तेच झालेलं आहे, हे मात्र गुरुजींच्याही ध्यानात आलं नाही आणि आमच्याही.

एस आणि टी ही दोन वेगळी अक्षरनामं आहेत. एकट्यानं म्हटलं की ‘एस’मधल्या स-ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं, हिरडीजवळ असतं. ‘टी’मधल्या ट-ला तेच टोक मागं वळून टाळूला टेकतं. दोन्ही लागोपाठ म्हणायचे म्हणजे जिभेला दातापासून टाळूपर्यंत पळावं लागतं, आणि त्यासाठी मध्ये वेळ मिळत नाही. सहज बोलताना आपण सेकंदाला साधारण दहा ते पंधरा ध्वनी काढतो. म्हणून स-चा सुस्कारा चालू असतानाच जीभ ट-च्या जागेकडं निघालेली असते. मागं सरकलेल्या जिभेतून निघालेला सुस्कारा स-सारखा ऐकू येत नाही, ष-सारखा येतो. पोष्ट, माष्टर, बष्टँड हे सगळे याच कारखान्यातले. शब्दाच्या सुरुवातीचा ए आपण ये-सारखा म्हणतो (एक, येक), त्यातून येष्टी आणि मग यष्टी. जाता जाता सांगायचं तर १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली, तेव्हा आमचा जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता. गाडी उशिरा आली, पण आल्यावर नाव आमच्या जिभेनं ठेवलं.

व्याकरणाच्या पुस्तकात संधी म्हटलं की विद्या + आलय आणि सत् + जन आठवतात. जुळवलेले, छापलेले, परीक्षेला येणारे शब्द. पण संधी ही आधी तोंडातली गोष्ट आहे. एका शब्दाचं शेवटचं टोक आणि पुढच्याचं पहिलं टोक एकमेकांना भिडतं तेव्हा काय होतं, ते पाहायला चहाच्या टपरीवर गेलं तरी पुरतं. ‘दोन कब्बशा धू रं.’ कप आणि बशी. लिहिताना प, बोलताना ब. शहरातला प्राध्यापकसुद्धा कब्बशीच म्हणतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

आता दोन बोटं गळ्यावर, कंठाच्या उंचवट्यावर ठेवा आणि ‘कप’ म्हणा. शेवटच्या प-ला बोटांखालची थरथर थांबते. ‘बशी’ म्हणा, ब-पासून थरथर सुरू. प आणि ब दोन्हींना ओठ अगदी सारखेच मिटतात. फरक एवढाच की ब-ला स्वरतंत्री थरथरतात, प-ला नाही. क आणि ग, ट आणि ड, त आणि द यांच्यातही हाच फरक आहे. व्याकरणात पहिल्यांना अघोष आणि दुसऱ्यांना घोष म्हणतात. कपबशी सवयीच्या वेगानं म्हणताना ओठ एकदाच मिटतात आणि थोडे जास्त वेळ मिटलेले राहतात. त्या एका मिटण्याच्या पहिल्या अर्ध्यात थरथर बंद करायची आणि दुसऱ्या अर्ध्यात परत सुरू करायची, हा खटाटोप कुणी करत नाही. थरथर सबंध वेळ चालू राहते, आणि कानाला ब्ब ऐकू येतो.

इथं एक प्रश्न राहतो. जुळवूनच घ्यायचं तर ‘कप्पशी’ का नाही झालं? मागच्यानंच का पुढच्याचं ऐकायचं? याचं उत्तर कानात आहे. प, ट, क यांसारखे वर्ण ओळखू येतात ते मुख्यतः सुटताना, म्हणजे ओठ किंवा जीभ उघडून हवा पुढच्या स्वरात शिरते त्या क्षणी. कपबशीतला ब सुटून ‘अ’मध्ये शिरतो, त्यामुळं तो स्पष्ट ऐकू येतो. प-ला सुटायला जागाच नाही, तो मिटतो आणि तिथंच ब त्याचा ताबा घेतो. ज्याचा आवाज तसाही नीट पोचत नाही, त्यानं बदललं तर ऐकणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. म्हणून पुढचा जिंकतो. अप् + ज याचं अब्ज होतं, वाक् + देवी याचं वाग्देवी होतं, तेही याच दिशेनं.

मराठीत हे सतत घडतं, कारण आपली लिपी थोडी फसवी आहे. ‘एक गाव’ असं लिहिताना क पूर्ण लिहिलेला असतो, जणू त्यात अ आहे. पण बोलताना शब्दाच्या शेवटचा हा अ आपण उच्चारत नाही. ‘एक’ म्हणजे प्रत्यक्षात ‘एक्’. त्यामुळं एक आणि गाव यांच्यामध्ये स्वराची भिंत नसते, क् थेट ग-ला भिडतो आणि ‘एग्गाव’ होतं. एकदा, एकदम हे शब्द तर एग्दा, एग्दम असेच जन्मभर बोलले जातात. उलट्या दिशेनंही चालतं: आजकाल म्हणताना ज-ची थरथर क-च्या आधीच विझते, आणि ‘मागतो’ घाईत ‘माक्तो’ होतं.

गावाकडं ऐकायला मिळेल असं एक वाक्य घेऊ. बांधावर उभा असलेला माणूस शेजाऱ्याला सांगतोय. लिहिलं तर असं दिसेल:

‘एक गडी म्हणला, पाचशे द्या, चार लिंबं आठ दिवसात तोडतो.’

आणि ऐकू येतं ते असं:

‘एग्गडी म्हल्ला, पाश्शे द्या, चाल्लिंबं आड्दिवसात तोडतो.’

एग्गडी झाला. ‘म्हल्ला’मध्ये ण आणि ल भेटले आहेत. दोन्हींना जिभेचं टोक वरच लागतं. ण-ला हवा नाकातून जाते, ल-ला जिभेच्या कडांवरून. नाकाची वाट थोडी लवकर बंद झाली आणि जीभ पुढं सरकली की ण-चा ल होतो. ‘चाल्लिंबं’मध्ये र-चं तसंच. र-साठी जीभ हिरडीवर आपटून सुटायला हवी, पण पुढं ल आहे, तो तिला सुटू देत नाही, धरून ठेवतो. मारलं याचं माल्लं, विचारलं याचं इचाल्लं, धरलं याचं धल्लं होतं ते यामुळंच. ही रूपं अडाणीपणाची म्हणून लेखक मंडळी कथेत गावरान पात्राच्या तोंडी घालतात. माझ्या मते त्यात गावरान काही नाही. बातम्या देणारी निवेदिका घरी गेल्यावर काय म्हणते ते एकदा चोरून ऐकावं.

‘पाश्शे’ जरा वेगळं आहे. पाच मधला च हा ‘चमचा’तला च, म्हणजे खरं तर त आणि स यांची जोडगोळी: आधी अडवणूक, मग सुस्कारा. पुढं शे-चा सुस्कारा आहेच. मग आधीची अडवणूक गळून जाते, दोन सुस्कारे एकमेकांत मिसळतात आणि लांब श्श उरतो. ‘आड्दिवसात’ मध्ये तर दोन पायऱ्या आहेत. आठ मधला ठ महाप्राण आहे, म्हणजे सुटताना त्याच्याबरोबर हवेचा झोत यायला हवा. पण इथं सुटायलाच जागा नाही, तर झोत कुठून येणार? म्हणून ठ-चा ट होतो. मग पुढच्या द-ची थरथर मागं येते आणि ट-चा ड होतो. दोन्ही पायऱ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत.

एवढं वाचून कुणी म्हणेल की पुढचा वर्ण घोष असला की मागचा घोष झालाच. तसं नाही, आणि इथं मराठी संस्कृतपासून वेगळी होते. संस्कृतात वाक् + ईश याचं वागीश होतं, जगत् + ईश याचं जगदीश होतं. म्हणजे पुढं नुसता स्वर आला तरी क-चा ग, त-चा द. वाक् + मय याचं वाङ्मय होतं, कारण पुढच्या म-चं नाक मागं शिरतं. मराठीत ‘एक आला’ याचं ‘एगाला’ कुणी म्हणत नाही, ‘एक माणूस’ याचं ‘एङ्माणूस’ही नाही. आपल्याकडं थरथर मागं पाठवण्याची ताकद ग, द, ब, ड, ज अशा अडवून सोडायच्या वर्णांतच आहे. स्वर, म, न, र, ल यांच्यात ती नाही. स्वरही घोषच, तरी त्यांच्यापुढं क जसाच्या तसा राहतो. नियम जुन्या घरातलाच, पण त्यातल्या काही खोल्या मराठीनं बंद करून टाकल्या आहेत.

स्वर पुढं आला की मराठीत काय होतं? वर्ण बदलत नाही, घर बदलतो. ‘एक आला’ म्हणताना क् उठून पुढच्या आ-मध्ये जाऊन बसतो: ए-का-ला. आता हे ‘एकाला’पासून वेगळं कसं ओळखायचं? नुसत्या आवाजावरून बऱ्याचदा ओळखता येत नाही. ‘एकाला बोलावलं, एक आला’ हे वाक्य भरभर म्हणून बघा. अर्थ आपण आसपासच्या शब्दांवरून लावतो, कानावरून नाही. जिल्ह्याच्या जुन्या नावातही हेच आहे. सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानांचं नाव आणि आबाद; पण उच्चारताना न पुढं सरकतो, उस्मा-ना-बाद, आणि नाव नेमकं कुठं संपलं ते कानाला कळत नाही.

नाण्यांची गंमत तर आणखी. चार आणे याचं चाराणे, आठ आणे याचं आठाणे: व्यंजन पुढं सरकलं. पण बारा आणे याचं बाराणे, कारण तिथं दोन आ भेटले आणि एक झाले. विद्या + आलय शिकवायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनात नाही. चाराणे हा शब्द मात्र तुळजापूरच्या बाजारात अजून खणखणतो.

दोन वेगळे स्वर भेटले तर एक होता येत नाही, मग मध्ये पूल घालतात. तुळजापूरच्या पायऱ्यांवर ‘आई राजा उदो उदो’चा गजर चालतो तेव्हा नीट कान द्या. शेवटचे दोन शब्द ‘उदो-वुदो’ असे ऐकू येतात. ओ म्हणताना ओठ गोल असतात, पुढच्या उ-ला ते आणखी गोल होतात, आणि ओ-कडून उ-कडं जाताना एक पुसट व तयार होतो. तो कुणी मुद्दाम म्हणत नाही, पण गर्दीनं एका दमात गजर केला की तो टाळताही येत नाही. आहे-चं बघा: गेला आहे याचं गेलाय, कुठं आहे याचं कुठाय. यातला ह आधी विरतो, मग स्वर भिडतात आणि शेवटचा ए आखडून य होतो. ही रूपं आता छापायलाही लागली आहेत, म्हणून ती आपल्याला संधी वाटत नाहीत.

आता आमच्या भागाची खरी खासियत. लातूर, धाराशिवकडच्या माणसाला फोन लावा. पहिलं वाक्य येईल: ‘काय करलालास?’ पुण्यात हे ऐकून लोक हसतात. ‘करलालास म्हणजे?’ म्हणजे ‘काय करतो आहेस’. मी करलालो, ती करलाली, पाऊस पडलालाय. हे रूप आलं कुठून, याची मला पटणारी वाट अशी: करू लागलास. लागणे हे क्रियापद ‘सुरू झालं’ या अर्थानं जोडलेलं. दोन शब्द, मध्ये सीमा.

पहिली गोष्ट घडते ती ‘लागलास’च्या आत. दोन शब्दांपैकी जोर ‘करू’वर आहे, लागलास नुसता मदतनीस. ज्याच्यावर जोर नाही त्याचे वर्ण ढिले होतात. ‘लागलास’मधला ग ढिला पडतो, जीभ मागं नीट टेकतच नाही, आणि शेवटी ग नाहीसा होऊन लालास उरतं. करू लालास. मग सीमेवरचा ऊ आखडतो: र आणि ल यांच्यामध्ये तो इतका छोटा होतो की शेवटी जातो. करलालास. जाऊ लागलो याचं मात्र जाऊलालो राहतं, तिथं ऊ टिकतो, कारण त्याच्या मागं व्यंजन नाही, आ आहे, आणि त्याच्या आधारानं तो तग धरतो. करलालासमध्ये आता र आणि ल शेजारी आले, म्हणजे माल्लंचा नियम लागायला मोकळा. माझी आत्या घाईत असली की ‘काय कल्लालास रं?’ असंच विचारते.

हे नुसतं सैल बोलणं असतं तर ‘लागणे’ सगळीकडंच सैल झालं असतं. झालं नाही. तीच आत्या ‘तान लागली’ म्हणते तेव्हा ग पक्का असतो. ‘ठेच लागली’, ‘नंबर लागला’, सगळीकडं पक्का. जिथं लागणे स्वतःच्या अर्थानं, स्वतःच्या जोरावर उभं आहे तिथं ग टिकला. जिथं ते दुसऱ्याच्या शेपटीला बांधलं गेलं तिथंच तो गेला. अर्थही सरकला: ‘करू लागलास’मध्ये सुरुवात होती, ‘करलालास’मध्ये फक्त ‘चालू आहे’ एवढंच. मराठवाड्यात ऐकू येणारं ‘कामून’ याच रस्त्यानं आलं आहे: का म्हणून, का म्हून, कामून. आज तो ‘का’ इतकाच एक शब्द आहे, त्यातला ‘म्हणून’ कुणाला दिसत नाही.

उमरग्याकडं, कर्नाटकाच्या हद्दीला गेलं की संधीची दिशाच फिरते. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस आणि काल म्हणजे काळ, पण पावसाळा म्हणजे मळेगाल. हळे, म्हणजे जुनी, आणि कन्नड यांचं हळेगन्नड होतं. इथं मागच्या शब्दाला काही झालं नाही, पुढच्या शब्दाचा पहिला क बदलून ग झाला. कारण कन्नड शब्द बहुधा स्वरावर संपतो. मग पुढचा क दोन स्वरांच्या मध्ये सापडतो, दोन्ही बाजूंनी थरथर चालू, आणि ती त्याच्यातूनही वाहते. मराठीत शब्द व्यंजनावर संपतो म्हणून मागचा बदलतो, कन्नडमध्ये स्वरावर संपतो म्हणून पुढचा. हद्दीवरच्या एकाच घरात दोन्ही भाषा चालतात आणि कुणाचीच गल्लत होत नाही, हे मला नेहमी नवलाचं वाटतं.

हे सगळं नेहमीच घडतं का? नाही. जुन्या व्याकरणकारांनी याची अट एका शब्दात बांधली आहे: संहिता, म्हणजे वर्णांची अगदी निकट जवळीक. एका शब्दात आणि समासात संधी अटळ, वाक्यातल्या दोन शब्दांत मात्र बोलणाऱ्याच्या मनावर. ही वाटणी टपरीवरही खरी ठरते. कपबशी हा समास, तिथं कब्बशी जवळजवळ नेहमी. ‘एक गडी’ हे दोन शब्द, तिथं वेगावर अवलंबून. मध्ये क्षणभर थांबलं, ‘एक’वर जोर दिला, ‘एकच, गडी नव्हे बाई’ असं काही म्हणायचं असलं, की क जागेवर. आणि बदल झाला तरी तो पूर्ण होईलच असंही नाही. Praat नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, फोनवर ध्वनिमुद्रण करून त्यात टाकलं की आवाजाचं चित्र दिसतं. घोष वर्णाला चित्राच्या तळाशी एक काळा पट्टा येतो. ‘एक गाव’ सावकाश म्हटलं तर क-च्या जागी तो पट्टा तुटतो. भरभर म्हटलं तर सलग राहतो. पण कित्येकदा तो क-च्या मध्यापर्यंत जाऊन विरतो: अर्धा क, अर्धा ग. कान मात्र त्याला एकतर क म्हणतो नाहीतर ग, अर्धा म्हणत नाही.

पोरं शुद्धलेखनात ‘एगदम’, ‘माकतो’ लिहितात तेव्हा ती चुकीचं ऐकत नाहीत, बरोबर ऐकून लिहितात. मूळ वर्ण शोधायचा तर त्याच्यापुढं स्वर आणून ठेवायचा. मागायला, मागा: ग आला. एका, एकाला: क आला. स्वरापुढं मराठीत वर्ण बदलत नाही, हे वर पाहिलंच. पोरांना हे एकदा दाखवलं तर बाकावर उभं करायची गरज राहत नाही.

आणि दुसरी एक परीक्षा आहे, संधी अजून जिवंत आहे की गोठली हे सांगणारी. बोलणाऱ्याला फक्त म्हणायचं, ‘हळू सांगा, ऐकू आलं नाही.’ कब्बशी म्हणणारा थांबून ‘कप... बशी’ म्हणतो, प परत येतो. म्हल्ला म्हणणारा ‘म्हण-ला’ म्हणतो. गेल्या दिवाळीत मी आत्याला फोनवर मुद्दाम म्हटलं, आत्या, नीट सांग, काय म्हणालीस? ती थोडी चिडून, एकेक अक्षर तोडून बोलली: ‘काय. कर. ला. लास.’ र परत आला, पण ऊ आला नाही, ग आला नाही. मग मी विचारलं, गावाला येताना कशानं येऊ. ती म्हणाली, ‘य-ष्टीनं ये.’